पुढची कातडी मागे सरकत नाही : आवळली आहे की सुजली आहे?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत निनावी पत्रांचा एक वेगळा गठ्ठा असतो. त्यातली बहुतेक पत्रे पुरुषांची असतात आणि एक प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतो. 'लघवीच्या जागेची पुढची कातडी इतकी वर्षे सहज मागे जात होती. दोन-तीन महिन्यांपासून जात नाही. ओढली तर कडेला चिरा पडतात, आग होते. हे ऑपरेशनचे दुखणे आहे की मलमाने बरे होईल?' प्रश्न नेमका आहे. त्याचे उत्तर मात्र पत्रावरून देता येत नाही, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या तक्रारीच्या मुळाशी दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. त्या दोहोंतला फरक आज जरा सविस्तर सांगतो. विषय संकोचाचा आहे, पण वाचकांनी तो घरात उघडपणे वाचायला हरकत नाही.

शिश्नाच्या टोकाला जो गोलसर भाग असतो त्याला शिश्नमुंड म्हणतात. बोलीभाषेत त्यालाच 'सुपारी' म्हणतात. त्याच्यावर दुमडून आलेली कातडी म्हणजे अग्रत्वचा. जन्माच्या वेळी ही कातडी आतून शिश्नमुंडाला चिकटलेलीच असते आणि ती मागे जात नाही. हे नैसर्गिक आहे. आईने किंवा आजीने आंघोळ घालताना ती जोर लावून मागे ओढू नये. वय वाढेल तशी ती आपोआप सुटत जाते आणि सोळा-सतराव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांची कातडी पूर्ण मागे सरकू लागते. त्यानंतरही जी सरकत नाही, किंवा सरकत होती आणि नंतर अडली, तिचा विचार करावा लागतो. तोंड अरुंद झाल्यामुळे कातडी मागे न जाणे याला डॉक्टरी भाषेत 'फायमोसिस' म्हणतात.

आता मुख्य मुद्दा. कातडी अडते ती दोन कारणांनी. पहिले कारण सूज. जंतूंचा किंवा बुरशीचा संसर्ग झाला की कातडी लाल होते, पाणी धरते आणि जाड होते. जाड झालेली कातडी दुमडून मागे जाऊ शकत नाही. दुसरे कारण व्रण. कातडीच्या तोंडाशी वारंवार चिरा पडून भरल्या, की तिथे वण तयार होतो. वणाच्या ऊतींना लवचीकपणा नसतो, उलट त्या दिवसेंदिवस आकसत जातात. मग लेंग्याची नाडी ओढून गाठ मारावी तसे तोंड आवळले जाते. सुजलेली कातडी उपचारांनी ओसरते आणि पूर्ववत होते. वणाने आवळलेली कातडी सूज उतरवणाऱ्या औषधांनी सैल होत नाही. घोटाळा होतो तो एवढ्यासाठी, की पहिल्याकडे दुर्लक्ष झाले तर तिचेच पुढे दुसरे होते.

माझ्याकडे आलेल्या एका रुग्णाची हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय सेहेचाळीस, किराणा मालाचे दुकान, दिवसभर बैठे काम. तीन महिन्यांपासून कातडी मागे जाईना. सुरुवात खाजेने झाली. मग कडेला बारीक उभ्या चिरा पडू लागल्या. पत्नीजवळ जाणे बंद झाले. 'उष्णता झाली असेल' म्हणून सब्जा, ताक, वाळ्याचे पाणी झाले. मनात मात्र दुसरीच भीती होती. आपल्याला गरमी किंवा परमा तर झाला नाही ना, आणि झाला असेल तर कुठून, या विचाराने त्यांची झोप उडाली होती. घरातही संशयाचे वातावरण होते. ते मला म्हणाले, "डॉक्टर, मी कुठे गेलो नाही हो. पण हे घरी कसं सांगू?"

तपासणीत काय पाहिले ते क्रमाने सांगतो, कारण निदान त्यातच आहे. प्रथम कातडीचे टोक नुसते पाहिले. ते लाल, ओलसर, फुगीर होते. कडेभोवती, चाकाच्या आऱ्यांसारख्या, सहा-सात उभ्या भेगा होत्या. मग त्यांना स्वतःच्या हाताने, दुखणार नाही इतपतच, कातडी मागे घ्यायला सांगितले. ती थोडी सरकली आणि आत पांढरा, दह्याच्या कवडीसारखा थर दिसला. तोंडाची कड बोटाला मऊ लागत होती. कडक, पांढरे कडे नव्हते. कातडीवरूनच शिश्नमुंड चाचपून पाहिले, आत कुठे गाठ लागत नव्हती. जांघेत अवधाण नव्हते. लघवीच्या छिद्रातून पू येत नव्हता, फोड नव्हता, जखम नव्हती. म्हणजे परम्याची किंवा गरमीची खूण नव्हती.

मग चार प्रश्न विचारले. रात्री लघवीला किती वेळा उठता? तीन-चार वेळा. तहान? फार. वजन? सहा महिन्यांत कपडे सैल झाले. घरात कुणाला साखर आहे? वडिलांना होती. त्याच दिवशी रक्त तपासले. उपाशीपोटी साखर २३६, जेवणानंतर ३४०, आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी १०.८. लघवीतही साखर भरपूर. वरच्या थराचा अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यात बुरशीच्या पेशी. तीन महिने ज्याला 'उष्णता' म्हटले गेले तो मधुमेह होता आणि त्याची पहिली तक्रार या जागी उमटली होती.

असे का होते, हे समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होते. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडे ती अडवू शकत नाहीत आणि ती लघवीत उतरते. लघवी झाल्यावर दोन-चार थेंब कातडीच्या आत राहतातच. ती जागा बंद, ऊबदार, ओलसर, आणि आता गोडही. कँडिडा नावाची बुरशी अनेकांच्या अंगावर एरवीही निमूटपणे राहत असते. तिला असे खाद्य मिळाले की ती फोफावते. तिच्यामुळे कातडी सुजते, सुजलेली कड ताणली की चिरते, आणि साखर जास्त असल्याने चीर लवकर भरत नाही. पुन्हा ताण, पुन्हा चीर. म्हणून माझा नियम असा आहे, की तिशीनंतर ज्याची कातडी नव्याने अडू लागली त्याची साखर तपासल्याशिवाय मलमाची चिठ्ठी लिहायची नाही.

त्यांना क्लोट्रिमॅझोलचे एक टक्क्याचे साधे मलम दिवसातून दोनदा, चौदा दिवस लावायला दिले. कातडी जितकी सहज मागे जाईल तितकी घेऊन आत लावायचे, ओढाताण करायची नाही. बुरशीचा जोर अधिक असल्याने फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी एकदाच दिली. धुवायचे ते नुसत्या कोमट पाण्याने, दिवसातून एक-दोनदा. साबण, डेटॉल, तुरटी, लिंबू यांतले काहीही लावायचे नाही, कारण चिरलेल्या जागी ही सगळी भाजतात आणि सूज वाढवतात. धुतल्यावर टिपून कोरडे करायचे आणि लघवीनंतरचे थेंबही टिपायचे. चिरा भरेपर्यंत संबंध ठेवायचा नाही. पत्नीला खाज किंवा पांढरे जात असेल तर तिचीही तपासणी करून उपचार करायचे. त्यांच्या पत्नीला त्रास होता, तिलाही औषध दिले. आणि या सगळ्याबरोबर मधुमेहाच्या गोळ्या आणि आहार सुरू केला. नुसत्या मलमावर भागवले असते तर महिनाभराने ते पुन्हा माझ्या दारात उभे राहिले असते.

आठव्या दिवशी खाज गेली होती. पंधराव्या दिवशी कातडी अर्धी मागे जाऊ लागली. सहाव्या आठवड्यात उपाशीपोटीची साखर १२८ वर आली आणि कातडी पूर्ण मागे गेली. कडेला दोन बारीक पांढऱ्या रेषा तेवढ्या राहिल्या. नवरा-बायकोला एकत्र बसवून मी सांगितले, की ही बुरशी बाहेर कुठे जाऊन आणलेली नाही. ते ऐकून बाईंच्या चेहऱ्यावर जो फरक पडला तो कुठल्याही औषधाने पडला नसता.

जे आधीच मधुमेहाचे उपचार घेत आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता आपल्याकडे बऱ्याच जणांना दिल्या जातात. त्या चांगल्या आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडालाही उपयोगी पडतात. पण त्यांचे कामच साखर लघवीवाटे बाहेर टाकण्याचे आहे. त्यामुळे रक्तातली साखर आटोक्यात असूनही कातडीच्या आत साखर साचते आणि बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. गोळी सुरू झाल्यावर खाज आणि चिरा सुरू झाल्या असतील तर हे आपल्या डॉक्टरांना सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ज्या डॉक्टरांनी ती दिली, त्यांनीच ती चालू ठेवायची की बदलायची ते ठरवावे.

आता दुसऱ्या प्रकाराकडे येऊ. एक माध्यमिक शिक्षक, वय बावन्न. तक्रार तीच, कातडी मागे जात नाही. पण हकिगत वेगळी. अडचण महिन्या-दोन महिन्यांची नव्हती, तीन वर्षांत हळूहळू वाढत गेली होती. खाज थोडी, आग थोडी, ओलावा नाही. मेडिकलच्या दुकानातून बुरशीची तीन मलमे आणून झाली होती, उपयोग शून्य. पाहिले तर कातडीचे टोक कोरडे, चकचकीत पांढरे. बोटाला कडक कडे लागत होते. ओढले तर तोंड पुढे येत होते, पण उघडत नव्हते. लघवी करताना कातडी आधी फुग्यासारखी फुगत असे आणि मग धार सुटे. साखर नॉर्मल.

हा त्वचेचा एक स्वतंत्र आजार आहे, त्याचे नाव 'लायकेन स्क्लेरोसस'. तो संसर्ग नाही, एकापासून दुसऱ्याला होत नाही. त्यात कातडी पातळ, पांढरी होत जाते आणि आकसते. वेळीच लक्ष दिले नाही तर तो लघवीच्या छिद्रापर्यंत आणि काहींच्या बाबतीत मूत्रमार्गातही शिरतो, मग धार बारीक होते. फार थोड्या रुग्णांत, पण निश्चितपणे, पुढे त्या जागी कर्करोग होण्याची शक्यता राहते. म्हणून हा आजार ओळखणे महत्त्वाचे.

त्याच्यावरचे औषध म्हणजे तीव्र स्टेरॉइडचे मलम, बहुधा क्लोबेटासोल. ते बोटाच्या टोकावर मावेल इतक्याच प्रमाणात, दिवसातून एकदा, काही आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली. आणि इथेच आपल्या औषधांच्या दुकानांतली मोठी गफलत आहे. स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि जंतुनाशक अशा तिन्हींची मिसळ असलेल्या ट्यूबा चिठ्ठीशिवाय सर्रास विकल्या जातात. खाज म्हटली की दुकानदार तीच पुढे करतो. पहिल्या प्रकारातल्या माणसाने ती लावली तर दोन दिवसांत लाली कमी होते, तो खूश होतो. पण स्टेरॉइडमुळे तिथली प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी आतल्या आत माजते. दुसऱ्या प्रकारातला माणूस ती आठवडाभर लावतो, बरे वाटले की सोडतो, पुन्हा लावतो, आणि पूर्ण उपचार कधी होतच नाही. एकाला जे औषध घातक तेच दुसऱ्याला आवश्यक, म्हणून ट्यूब आधी आणि निदान मागाहून हा क्रम चालत नाही.

शिक्षकांना सहा आठवडे क्लोबेटासोल दिले. खाज थांबली, पांढरेपणा थोडा कमी झाला, पण कडे सुटले नाही. वण जुना होता. मग सुंता करण्याचा सल्ला दिला. ते गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "लोक काय म्हणतील?" मी विचारले, "कुठल्या लोकांना कळणार आहे?" ते हसले. सुंता म्हटले की आपल्याकडे लगेच धर्म आठवतो, पण आवळलेली कातडी कापून काढणे ही गळू फोडण्याइतकीच वैद्यकीय गोष्ट आहे. शल्यचिकित्सकाने जागा बधिर करून शस्त्रक्रिया केली, त्याच दिवशी ते घरी गेले. टाके दोन-तीन आठवड्यांत आपोआप विरघळले. संबंधापासून सहा आठवडे दूर राहायला सांगितले होते, ते त्यांनी पाळले. कापलेली कातडी फेकून न देता तपासणीला पाठवली होती. अहवालात लायकेन स्क्लेरोसस असल्याचे पक्के झाले, कर्करोगाचा अंश नव्हता. आता ते वर्षातून एकदा दाखवून जातात आणि लघवीची धार बारीक झाली तर लगेच यायचे हे त्यांना माहीत आहे.

तिसरा प्रकार तरुणांचा. लग्न ठरलेले असते आणि मग लक्षात येते की कातडी आयुष्यात कधी मागे गेलेलीच नाही. लाली नाही, खाज नाही, पांढरे कडे नाही, नुसते तोंड अरुंद. इथे घाबरण्यासारखे काही नसते आणि ऑपरेशनची घाईही नसते. बीटामेथॅसोनचे सौम्य प्रमाणातले मलम अरुंद कडेवर दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे, आणि बरोबरीने रोज आंघोळीनंतर कातडी हळूहळू ताणणे, एवढ्याने बऱ्याच जणांचे काम होते. ताण जाणवावा, दुखू नये. चीर पडली तर जोर जास्त झाला असे समजावे, कारण प्रत्येक चीर म्हणजे एक नवा वण. ताणून सैल करण्याची ही कल्पना काही आजची नाही. सुश्रुतसंहितेत या विकाराला 'निरुद्धप्रकश' म्हटले आहे आणि दोन्ही तोंडे मोकळी असलेली नळी तूप लावून आत बसवावी, दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी घालावी, असा उपचार सांगितला आहे. तत्त्व तेच. घरी नळ्या घालण्याचे प्रयोग मात्र कुणी करू नयेत.

काही लक्षणे अशी आहेत की तिथे मलमाचे प्रयोग न करता थेट शल्यचिकित्सकाकडे जावे. कातडीखाली घट्ट गाठ लागणे, आतून रक्तमिश्रित किंवा दुर्गंधीचा स्राव येणे, महिनाभर न भरणारी जखम, जांघेत कडक अवधाण. शिश्नाचा कर्करोग बहुधा न उघडणाऱ्या कातडीच्या आतच वाढतो आणि दिसत नाही म्हणून उशिरा कळतो. अशा वेळी कातडी उघडून आत पाहणे आणि तुकडा तपासणे हाच मार्ग. मधुमेही माणसाला त्या भागात झपाट्याने पसरणारी सूज, असह्य वेदना, कातडी काळी पडणे आणि ताप असे झाले तर रात्र काढू नये, रुग्णालय गाठावे. लघवी अजिबात होत नसेल तरी तेच.

आणि एक अपघात, जो कातडी अडलेल्या माणसाला कधीही होऊ शकतो. जोर लावून, किंवा संबंधाच्या वेळी, घट्ट कातडी मागे तर जाते पण पुढे येत नाही. शिश्नमुंडाच्या मागे ती रबरबँडसारखी आवळून बसते. पुढचा भाग सुजत जातो आणि जितका सुजतो तितकी कातडी पुढे येणे अवघड होते. रुग्ण लाजून सकाळपर्यंत थांबतो, तोवर तो भाग निळसर पडू लागतो. असे झाले तर सुजलेला भाग मुठीत धरून पाच-दहा मिनिटे सारखा, सौम्य पण घट्ट दाबून ठेवावा म्हणजे सूज थोडी उतरते. मग दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी कातडी पुढे धरून अंगठ्यांनी शिश्नमुंड मागे ढकलावे. एकदा-दोनदा करून जमले नाही तर वेळ घालवू नये, तासाभरात डॉक्टरांकडे पोहोचावे. त्यांना ते बधिर करून हाताने सोडवता येते, न जमल्यास कड्याला एक लहानशी चीर देऊन मोकळे करता येते. आणि ज्यांची लघवीसाठी नळी घातलेली आहे अशा वृद्धांची काळजी घेणाऱ्यांनी नळी घालताना किंवा जागा पुसताना मागे घेतलेली कातडी आठवणीने पुन्हा पुढे आणून ठेवावी.